मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला मराठीत कसा आणायचा: घरच्यांसाठी, विम्यासाठी आणि कोर्टासाठी

हॉस्पिटलमधून मिळणाऱ्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर चार-पाच ओळी इंग्रजीत खरडलेल्या असतात, आणि पुढचे सहा महिने घरातले सगळे त्या ओळींचा अर्थ एकमेकांना विचारत असतात. कुणीतरी इंग्रजी येणारा भाचा किंवा शेजारचे सर त्याचं मराठी करून देतात, चांगल्या मनाने देतात, पण त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला की विम्याचा क्लेम अडकतो किंवा घरात कुणीतरी उगाच स्वतःला दोष देत बसतं. म्हणून हे काम नीट कसं करायचं ते एका दाखल्यावरून ओळीओळीने सांगते.

आधी हातात कुठला कागद आहे ते बघा

दोन वेगळे कागद असतात आणि लोक ते नेहमी एकच समजतात. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेतून मिळतं ते मृत्यू प्रमाणपत्र, नमुना ६. ते आपल्याकडे मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेलं असतं, त्यामुळे त्याच्या भाषांतराची गरज फारशी पडत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यावर मृत्यूचं कारण नसतंच. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १७ मध्येच लिहिलंय की नोंदीचा उतारा देताना कारण उघड करायचं नाही. तेव्हा 'नगरपालिकेकडून कारण लिहायचं राहिलं' म्हणून तिकडे हेलपाटे मारू नका.

कारण असतं ते दुसऱ्या कागदावर, डॉक्टरच्या दाखल्यावर. हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने दाखला दिला तर नमुना ४-अ. हा मूळ कागद निबंधकाकडे जातो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे, हॉस्पिटलने हा दाखला फुकट द्यायचा आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असं कायद्यातच आलंय. प्रत मिळाली नसेल तर भाषांतराच्या आधी ती लेखी अर्ज करून मागून घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तिरक्या फोटोवरून भाषांतर करायला गेलं की आकडे चुकतात.

उदाहरणाचा दाखला

समजा कराडकडचे एक गृहस्थ आहेत, वय ५९, पुण्यात मोठ्या हॉस्पिटलमध्ये १८ दिवस होते आणि तिथेच गेले. दाखल्यावर इंग्रजीत जे आहे ते आपल्या लिपीत उतरवलं तर असं दिसतं:

भाग १ (अ) सेप्टिक शॉक, २/७
ड्यू टू (ब) एस्पिरेशन न्यूमोनिया, ६/७
ड्यू टू (क) अक्यूट इस्केमिक स्ट्रोक, लेफ्ट एमसीए, १८/७
भाग २: के/सी/ओ टी-टू डीएम, एचटीएन x १० वाय, एकेआय
मॅनर ऑफ डेथ: नॅचरल

घरच्यांनी विमा घेतलेला आहे, पॉलिसीला अजून तीन वर्षं पूर्ण व्हायचीत, आणि अर्ज भरताना शुगर आणि बीपी 'चार वर्षांपासून' असं लिहिलेलं होतं. गावी त्यांच्या बायकोला इंग्रजी वाचता येत नाही. आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपावरून भावकीत एक दावा चालू आहे, त्यात वकिलांनी कारणाच्या दाखल्याचं मराठी भाषांतर मागितलंय कारण शेवटच्या १८ दिवसांत ते शुद्धीवर होते की नाही, सही करू शकत होते की नाही हा मुद्दा आलाय. एवढे तीन वाचणारे, कागद एकच.

पहिलं काम: अर्थ लावायचाच नाही, फक्त उतरवायचं

एका कोऱ्या कागदावर दाखला जसाच्या तसा इंग्रजीतच उतरवा, प्रत्येक शब्द, प्रत्येक खूण. प्रश्नचिन्ह असेल तर प्रश्नचिन्ह, खोडलेलं असेल तर 'खोडलेलं' अशी नोंद. वाचता येत नसेल तिथे 'अस्पष्ट' लिहा, अंदाज करू नका. मग हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जाऊन फक्त तेवढे अस्पष्ट शब्द विचारा, डिस्चार्ज ऐवजी जी डेथ समरी देतात ती सोबत ठेवा, कारण दाखल्यावर जे दोन अक्षरांत असतं ते समरीत बहुतेक वेळा पूर्ण टाइप केलेलं सापडतं.

कालावधीच्या रकान्यात एक जुनी पद्धत अजून चालते ती ओळखता आली पाहिजे. २/७ म्हणजे सातातले दोन, म्हणजे दोन दिवस. ३/५२ म्हणजे तीन आठवडे, ४/१२ म्हणजे चार महिने. बरेच जण याला तारीख समजतात, २ जुलै, ६ जुलै असं लिहून मोकळे होतात, आणि मग विमा कंपनी विचारते की माणूस दाखल मार्चमध्ये झाला तर न्यूमोनिया जुलैमध्ये कसा. आपल्या दाखल्यात १८/७ हा आकडाच सांगतो की ही तारीख नाही, कारण दाखल असण्याचे दिवस बरोबर १८ आहेत. भाषांतरात सरळ 'अंदाजे १८ दिवस' लिहायचं. 'अंदाजे' हा शब्द सोडू नका, छापील रकान्याच्या डोक्यावर तो आहे आणि पुढे तो उपयोगी पडतो.

खालून वर वाचा

दाखल्याची रचना उलटी असते. वरची (अ) ओळ म्हणजे शेवटी काय झालं, आणि भाग १ मधली सगळ्यात खालची भरलेली ओळ म्हणजे सुरुवात कशाने झाली, तिलाच मूळ कारण धरतात. आपल्या दाखल्यात मूळ कारण स्ट्रोक आहे. भाग २ मधले आजार मृत्यूला हातभार लावणारे, पण साखळीत थेट न बसणारे.

आता इथे मराठीत एक हमखास घोळ होतो. छापील फॉर्मवर (अ) च्या खाली 'ड्यू टू' असतं. शब्दाला शब्द ठेवणारा माणूस लिहितो 'सेप्टिक शॉक' आणि त्याच्या खाली '-च्या मुळे', आणि त्याच्या खाली 'न्यूमोनिया'. मराठी वाचणारा ते 'सेप्टिक शॉकमुळे न्यूमोनिया' असंच वाचणार, कारण आपल्याकडे 'मुळे' हे कारणाच्या मागे चिकटतं. म्हणजे अख्खी साखळी उलटी झाली आणि मूळ कारण शॉक ठरलं. यावर सोपा उपाय आहे, त्या छापील शब्दांच्या जागी 'वरील स्थितीचं कारण:' असं लिहायचं. मग (अ) सेप्टिक शॉक, वरील स्थितीचं कारण: (ब) एस्पिरेशन न्यूमोनिया, वरील स्थितीचं कारण: (क) स्ट्रोक. ओळींचा क्रम मूळ कागदासारखाच राहतो, कोर्टात दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी ओळ ओळीला जुळते, आणि अर्थही सरळ राहतो. ओळी उलट्या करून 'सोपं' करायचा मोह आवरा, ते घरच्यांना तोंडी सांगताना करा.

एकेक शब्द

सेप्टिक शॉक. याचं 'धक्का बसून मृत्यू' असं केलेलं मी पाहिलंय, आणि एका कागदावर नुसतं 'शॉक लागून'. आपल्याकडे शॉक लागून म्हणजे विजेचा. अपघाती विम्याच्या फाइलमध्ये तो कागद गेला तर कंपनी पंचनामा मागणार आणि पंचनामा तर नाहीच. 'जंतुसंसर्ग शरीरभर पसरून रक्तदाब कोसळण्याची स्थिती, सेप्टिक शॉक' असं लिहा. वर्णन मराठीत, आणि मूळ नाव देवनागरीत शेजारी, म्हणजे कुठल्या शब्दाचं हे भाषांतर आहे यावर वाद राहत नाही. प्रत्येक आजाराच्या नावाला हीच पद्धत ठेवा.

एस्पिरेशन न्यूमोनिया. हा शब्द मी सगळ्यात जपून लिहिते. लाळ, अन्न किंवा उलटी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून फुफ्फुसाला संसर्ग होतो. स्ट्रोकमध्ये गिळायची ताकद कमी होते म्हणून हे होतं, नळीने अन्न दिलेल्या पेशंटमध्येही होतं, नुसत्या लाळेनेही होतं. याचं 'घशात घास अडकून' असं मराठी केलं की दोन माणसं अडचणीत येतात. एक म्हणजे ज्या मुलीने किंवा सुनेने शेवटचं भरवलं ती, ती जन्मभर ते मनात धरून राहते. आणि दुसरा विमा क्लेम करणारा, कारण घास अडकून गुदमरणं हा अपघात, संसर्गाने मृत्यू हा आजार, आणि इथे तर खाली 'नॅचरल'वर खूण आहे, म्हणजे भाषांतर मूळ कागदाशीच भांडतं. 'लाळ किंवा अन्नाचा अंश श्वासनलिकेत गेल्यामुळे झालेला न्यूमोनिया' एवढंच लिहा. 'गुदमरून' हा शब्द दाखल्यावर नसेल तर भाषांतरात यायलाच नको.

अक्यूट इस्केमिक स्ट्रोक, लेफ्ट एमसीए. 'अर्धांगवायू' किंवा 'लकवा' म्हणजे अंगाची बाजू लुळी पडणं, तो परिणाम आहे. स्ट्रोक हा मेंदूत घडलेला प्रकार. इस्केमिक म्हणजे रक्तपुरवठा बंद पडून, याचं 'मेंदूत रक्तस्राव' असं करणं साफ चूक, तो हेमरेजिक, एकदम उलटा प्रकार. एमसीए हे मेंदूच्या एका मोठ्या रक्तवाहिनीचं नाव. तेव्हा: 'मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या रक्तवाहिनीच्या क्षेत्रात रक्तपुरवठा खंडित होऊन अचानक आलेला स्ट्रोक'. डावी बाजू सोडू नका, कारण बहुतेकांचं बोलणं-समजणं मेंदूच्या डाव्या बाजूवर चालतं, आणि आपल्या दाव्यात तोच मुद्दा आहे. पण 'म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं' असं भाषांतरात जोडायचं नाही. ते सांगायचं काम डॉक्टरच्या साक्षीचं आणि केस पेपरचं.

'अक्यूट'चं सरसकट 'तीव्र' करतात, त्याने नुकसान होतं. डॉक्टरच्या भाषेत अक्यूट म्हणजे नव्याने, थोड्या काळात सुरू झालेलं, आणि क्रॉनिक म्हणजे जुनं. भाग २ मधलं एकेआय बघा, अक्यूट किडनी इंज्युरी. 'किडनी निकामी' असं लिहिलं की विमा कंपनीला वाटतं माणसाला किडनीचा जुना आजार होता आणि अर्जात लपवला. वास्तविक शेवटच्या आठवड्यात रक्तदाब कोसळला की किडनीवर ताण येऊन हे होतं. 'नव्याने उद्भवलेली मूत्रपिंडाची हानी' असं लिहा. इंज्युरी आहे म्हणून 'किडनीला मार लागला' पण नको, मार म्हटलं की पोलीस केस.

के/सी/ओ म्हणजे आधीपासून निदान झालेला आजार असलेला पेशंट, एच/ओ म्हणजे पूर्वी होऊन गेल्याचं सांगितलेलं, एस/ओ म्हणजे तसं सुचवणारी लक्षणं, खात्री नाही. हे तिन्ही एकाच 'होता'मध्ये दाबू नका. इथे होईल: 'टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे पूर्वनिदान झालेले आजार, १० वर्षांपासून'.

आपल्या दाखल्यावर नाही पण अर्ध्या दाखल्यांवर (अ) ओळीत असतं ते कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. याचं मराठी लोक डोळे झाकून 'हृदयविकाराचा झटका' करतात. अरेस्ट म्हणजे हृदय आणि श्वास थांबला, तो कुठल्याही मृत्यूत थांबतोच, म्हणून तर फॉर्मवर छापलेलंच असतं की मरणाची पद्धत लिहू नका, आजार लिहा. 'हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडणे' एवढंच लिहायचं. झटका लिहिला की हृदयरोग नसलेल्या माणसाला हृदयरोग चिकटतो.

शेवटी मृत्यूचा प्रकार. नॅचरल म्हणजे नैसर्गिक, अ‍ॅक्सिडेंट अपघात, होमिसाइडला मनुष्यवध लिहा, खून नको, आणि पेंडिंग इन्व्हेस्टिगेशन म्हणजे तपास प्रलंबित. कुठल्या पर्यायावर खूण आहे आणि कुठले नुसते छापलेले आहेत हे स्पष्ट दिसू द्या.

तिघांना तीन प्रकारे द्यायचं

भाषांतर एकच राहणार, त्याच्या दोन आवृत्त्या करायच्या नाहीत. घरच्यांसाठी वेगळा, सही-शिक्का नसलेला साधा कागद करा, किंवा नुसतं बसून सांगा, आणि इथे आपल्या बोलण्याच्या क्रमाने खालून वर जा. 'काकू, काकांच्या मेंदूला रक्त पोचणं थांबलं, त्याने गिळायची शक्ती गेली, मग छातीत न्यूमोनिया झाला, तो रक्तात पसरला आणि बीपी राहिनासं झालं.' बस एवढं. काकू जर विचारतील की मी भाताची पेज दिली त्याने झालं का, तर दाखल्यात तसं कुठे लिहिलेलं नाही हे दाखवा, ते खरंही आहे, आणि जास्त शंका असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी फोन जोडून द्या.

विम्यासाठी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, की इंग्रजी दाखल्याचं मराठी भाषांतर कंपनीला लागतच नाही, कंपन्या मूळ इंग्रजी कागदच वाचतात. भाषांतराचा उपयोग तुमच्यासाठी आहे, क्लेम फॉर्म भरताना. त्यात 'मृत्यूचं कारण' असा रकाना असतो आणि तिथे लोक मराठीत मनाने 'हार्ट अटॅक' किंवा 'अल्पशा आजाराने' लिहून देतात, दाखल्यावर वेगळंच. दोन कागद जुळले नाहीत की चौकशी लागते. दाखल्यातली तिन्ही कारणं त्याच क्रमाने उतरवा. उलट दिशेचं भाषांतर मात्र लागू शकतं, मराठीतला पंचनामा किंवा पोलिसांचा जबाब दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसला पाठवायचा असेल तर.

आता ते '१० वर्षं'. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कुठल्याच कारणावरून वादात काढता येत नाही, पण तीन वर्षांच्या आत माहिती लपवल्याचं कारण काढता येतं. आपल्या केसमध्ये अर्जात ४ वर्षं आणि दाखल्यात १०. भाषांतर करणाऱ्याला इथे नातेवाईक म्हणतात, 'ताई, तेवढं चार करा ना.' अजिबात करायचं नाही, मूळ कागद कंपनीकडे आहेच, बदललेलं भाषांतर म्हणजे नसलेली लबाडी पदरात पडते. त्याऐवजी तो आकडा आला कुठून ते शोधा. बहुतेक वेळा कॅज्युअल्टीत घाईत सोबतच्या पुतण्याने 'असेल दहाएक वर्षं' म्हणून सांगितलेलं असतं, ते केस पेपरवर 'हिस्टरी गिव्हन बाय नेफ्यू' असं लिहिलेलं सापडतं आणि तेच दाखल्यावर उतरतं. केस पेपरची प्रत घ्या, पहिल्यांदा शुगर निघाली तेव्हाचा लॅब रिपोर्ट आणि गावच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी शोधा, आणि ती घेऊन दाखला देणाऱ्या डॉक्टरला लेखी खुलासा मागा. उपचार करणारे डॉक्टर आपल्या प्रमाणपत्रात, एलआयसीत फॉर्म बी आणि हॉस्पिटलचा बी-१ म्हणतात तो, आजार कधीपासून आणि ही माहिती कुणी दिली हे लिहितात, तिथे हे नीट यायला हवं. जुने कागद सापडलेच नाहीत किंवा दहा वर्षंच खरी निघाली तर भाषांतराने काही होणार नाही, मग वकिलाशी बोला.

कोर्टासाठी भाषांतराखाली एक निवेदन लागतं: मला दोन्ही भाषा येतात, हे मूळ दाखल्याचं खरं आणि संपूर्ण भाषांतर आहे, आणि जिथे अक्षर वाचता आलं नाही तिथे 'अस्पष्ट' असं नोंदवलं आहे. खाली नाव, पत्ता, तारीख, प्रत्येक पानावर सही. हे काम दाव्यात हितसंबंध नसलेल्या माणसाने करावं, म्हणजे त्या गृहस्थांच्या मुलाने नको, त्याचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. प्रतिज्ञापत्र किंवा नोटरी हवी का ते वकिलांना आधी विचारा. तालुका-जिल्हा कोर्टात मराठी चालतं, हायकोर्टात गेलात तर मराठी कागदांचं इंग्रजी करावं लागतं आणि तिथे अधिकृत भाषांतराचे नियम वेगळे आहेत. शिक्के, रजिस्टर नंबर, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, सगळं भाषांतरात आलं पाहिजे, 'गोल शिक्का, मजकूर अस्पष्ट' असं सुद्धा.

पोस्टमॉर्टेम झालं असेल तर

अपघात, विषबाधा, संशय अशा केसमध्ये कारण पोस्टमॉर्टेमच्या कागदावर येतं आणि तिथे बऱ्याचदा असतं 'ओपिनियन रिझर्व्ड, व्हिसेरा प्रिझर्व्ड'. याचं 'कारण समजू शकलं नाही' असं करू नका. 'अभिप्राय राखून ठेवला आहे, रासायनिक तपासणीसाठी व्हिसेरा जतन केला आहे' असं लिहा, म्हणजे अंतिम अभिप्राय अजून यायचाय हे क्लेम बघणाऱ्याला कळतं. 'प्रोबेबल' असेल तर 'संभाव्य' हा शब्द ठेवा. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आल्यावर अंतिम कारणाचा कागद वेगळा मिळतो, तो पोलीस ठाण्यातून मागावा लागतो, आणि त्याचं भाषांतर नव्याने, जुन्याला न चिकटवता.

द्यायच्या आधी

दुसऱ्या एखाद्या माणसाला, शक्यतो नर्स किंवा डॉक्टर ओळखीत असेल तर त्यांना, फक्त तुमचं मराठी द्या आणि त्यावरून इंग्रजी दाखला काय असेल ते सांगायला लावा. शॉक, स्ट्रोक, अक्यूट आणि वर्षांचे आकडे जिथल्या तिथे परत आले तर ठीक. मूळ दाखल्यातच चूक आहे असं दिसलं, डावं-उजवं किंवा वय, तर भाषांतरात ती तशीच ठेवा आणि बाजूला 'मूळात असंच' लिहा. दुरुस्ती फक्त दाखला देणाऱ्या डॉक्टरनेच करायची असते आणि ती निबंधकाच्या नोंदीतही जायला हवी, कलम १५ खाली तो अर्ज होतो. दुरुस्त दाखला हातात आला की जुन्या भाषांतरावर रद्द असं लिहून दोन्ही एकाच फाइलला लावून ठेवा, कारण विमा कंपनीकडे पहिला गेलेला असतो आणि कोर्टात दुसरा, आणि फरक का आहे हे कधीतरी कुणीतरी विचारतंच.